बेड ११ चा पेशंट कोण? हस्तलिखित हँडओव्हर नोंदींवरून ओळख न उघडता रुग्णनिहाय गोषवारा : एक प्रकरण अभ्यास

जनरल मेडिसिनचा २४ खाटांचा एक वॉर्ड, तीन पाळ्या आणि प्रत्येक पाळीच्या शेवटी जाड रेघी वहीत हाताने लिहिलेली हँडओव्हरची नोंद, एवढीच या प्रकरणाची सामग्री आहे. पाळी बदलताना नेमकी कोणती माहिती गळते हे गुणवत्ता समितीला पाहायचे होते आणि त्यासाठी सात दिवसांच्या, म्हणजे २१ पाळ्यांच्या नोंदी रुग्णनिहाय, एकाच साच्यात आणि टंकलिखित हव्या होत्या. समितीत या रुग्णांच्या उपचाराशी संबंध नसलेले लोकही होते. त्यामुळे कोणाचीही ओळख कागदावर येऊ नये, अशी अट होती. हे काम मला दोनदा करावे लागले. खाली दिलेल्या नोंदींतील वैद्यकीय तपशील, आकडे आणि नात्यांचे उल्लेख मुद्दाम बदलले आहेत. चुका मात्र ज्या प्रकारच्या झाल्या त्याच प्रकारच्या ठेवल्या आहेत.

पहिला प्रयत्न

पहिल्या वेळी आम्ही सर्वांना सुचेल तोच मार्ग धरला. वहीच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले, नावांवर काळी पट्टी ओढली, ते फोटो टंकलेखनासाठी दिले आणि बेड क्रमांक हीच रुग्णाची खूण मानून प्रत्येक बेडचा सात दिवसांचा गोषवारा तयार करून घेतला. कागद नीटनेटके दिसत होते, आणि समितीच्या बैठकीत त्यावर गंभीर चर्चाही झाली. बेड ११ च्या रुग्णाच्या पायाचे ड्रेसिंग आणि चार वेळची शुगर पहिले तीन दिवस व्यवस्थित लिहिलेली होती, चौथ्या दिवसापासून मात्र दोन्हींचा उल्लेखच नव्हता. ड्रेसिंग सलग चार दिवस विसरले गेले, असा निष्कर्ष निघाला आणि त्या पाळ्यांच्या सिस्टरांना विचारणा करायचे ठरले.

प्रत्यक्षात काहीही विसरले गेले नव्हते. तिसऱ्या दिवशी रात्री ११ वाजता त्या रुग्णाला नर्सिंग स्टेशनजवळच्या बेड ४ वर हलवले होते, आणि पहाटे बेड ११ वर तापाचा दुसराच रुग्ण दाखल झाला होता. वहीत हे स्पष्ट होते, कारण दोन्ही नोंदींच्या सुरुवातीला दोन वेगळी नावे होती. आम्ही नावे झाकली आणि त्याच क्षणी ही दोन माणसे एक झाली.

त्याच बैठकीत दुसरी गोष्ट घडली. एका गोषवाऱ्यात नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक काहीच नव्हते, पण ‘जुळा भाऊ वरच्या मजल्यावर दाखल, त्याला भेटायचा हट्ट करतात’ हे वाक्य जसेच्या तसे राहिले होते. वाचताक्षणी एका सदस्याने तो रुग्ण ओळखला. म्हणजे एकाच कामात आम्ही दोन उलट चुका केल्या होत्या. जिथे ओळख हवी होती तिथे ती पुसली आणि जिथे पुसायला हवी होती तिथे राहू दिली.

क्रम बदलला

दुसऱ्या वेळी मुख्य बदल साधनांत नव्हता, क्रमात होता. कोणती ओळ कोणत्या रुग्णाची हे आधी वॉर्डमध्येच, नावे समोर ठेवून ठरवायचे. त्यानंतर संकेत द्यायचा. आणि टंकलेखन त्यानंतरच सुरू करायचे. नाव झाकण्याचे काम जितके लवकर करावे तितके सुरक्षित वाटते, परंतु दोन पाळ्यांतील नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे सांगणारा दुवा बहुधा नावच असते. तो दुवा दुसऱ्या कशात तरी बांधून घेतल्याशिवाय तोडता येत नाही.

त्यासाठी इनचार्ज सिस्टरांच्या मदतीने एक जोडयादी केली. आंतररुग्ण क्रमांक, दाखल झाल्याची तारीख, कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत कोणता बेड, आणि संकेत, असे तिचे चार स्तंभ होते. बेड बदलल्याच्या वेळा हँडओव्हरच्या वहीवरून न घेता वॉर्डच्या दाखल-डिस्चार्ज रजिस्टरवरून घेतल्या, कारण वहीत ‘११ ला नवीन पेशंट’ एवढेच असते आणि जुना कुठे गेला हे ज्याला माहीत आहे त्यानेच ते लिहिलेले असते. सात दिवसांत ३७ रुग्ण निघाले. त्यांपैकी पाच जणांचे बेड बदलले होते, आणि एकाचा तर दोनदा.

संकेत कसा द्यावा यावर आमच्यात थोडा वाद झाला. नावाची आद्याक्षरे उघडच बाद होती. दाखल होण्याच्या क्रमाने १, २, ३ असे आकडे दिले तर रजिस्टर उघडणारा कोणीही ते उलगडू शकतो. एका सहकाऱ्याने आंतररुग्ण क्रमांकाचे गणिती रूपांतर करून न उलटवता येणारा संकेत तयार करण्याची सूचना केली. ती ऐकायला चांगली आहे, पण क्रमांक सहा आकडी असेल तर एकूण शक्यता दहा लाखच असतात आणि रूपांतराची रीत माहीत असलेल्या कोणालाही संगणकावर त्या सगळ्या करून पाहायला फार तर काही सेकंद लागतात. शेवटी चिठ्ठ्या केल्या. दोन अक्षरे आणि दोन आकडे लिहिलेल्या ५० चिठ्ठ्या डब्यात टाकल्या आणि प्रत्येक रुग्णासाठी एक काढली. जोडयादी कागदावरच राहिली आणि इनचार्ज सिस्टरांच्या कुलूपबंद कपाटात ठेवली. ती कोणत्या तारखेला नष्ट करायची हे त्याच दिवशी तिच्यावर लिहिले.

फोटो बंद केले. मोबाइलमधला फोटो आपोआप बाहेरच्या साठवणीत चढू शकतो, त्यात वेळ आणि कधी कधी ठिकाणही नोंदलेले असते, आणि पट्टीच्या कडेतून नावाची वेलांटी दिसली तरी वॉर्डमधल्या माणसाला तेवढी पुरते. वही वॉर्डबाहेर गेलीच नाही. ते अक्षर वाचायची सवय असलेल्या एक सिस्टर मोठ्याने वाचत आणि मी थेट संकेताखाली टंकत असे. नाव उच्चारले जाई, पण संगणकात शिरत नसे. आधी सगळे टंकून मग नावे काढावीत हा मोह अनेकांना होतो. आम्हीही पहिल्या वेळी काही पानांवर ‘शोधा आणि बदला’ पूर्ण शब्द जुळवून वापरून पाहिले होते. एका रुग्णाचे नाव ‘प्रकाश’ होते. बदल केल्यावर दुसऱ्याच एका रुग्णाच्या नोंदीत ‘डोळ्यावर [रुग्ण] टाकल्यावर बाहुली आकसत नाही’ असे वाक्य तयार झाले, आणि उलट वहीत ‘प्रकाशरावांना’ व ‘पकाश’ असे लिहिलेले उल्लेख जसे होते तसे राहिले. मराठी नावे विभक्ती लागून बदलतात, त्यांना राव-बाई जोडले जाते, आणि त्यांतली कितीतरी साधे शब्दही असतात. यंत्राने केलेला शोध यावर विसंबण्याजोगा नाही.

एक नोंद जवळून

ड्रेसिंगवरून गोंधळ झालेल्या त्याच रुग्णाची दुसऱ्या रात्रीची नोंद वहीत साधारण अशी होती :

‘११ – (आडनाव) काका, ६७. डीएम, बीपी. उजवा पाय सेल्यु. ९ ला ताप १०१, पीसीएम दिली, १२ ला ९९. रात्री शुगर २८०, रेग्यु. इन्सु. ६यू दिले. व्हिगो निघाला, २ ला नवीन लावला, अँटिबायो. २.३० ला. युरिन ठीक. परवा डॉपलर. मुलगा जहाजावर असतो, शनिवारी येणार, मग डिब्राइड.चे बघू म्हणाले. (नाव) सरांना पाय दाखवणे.’

पाळी संपताना, सहा-सात मिनिटांत, २४ रुग्णांपैकी एकासाठी लिहिलेली ही नोंद वाईट नाही. घेणाऱ्या सिस्टरांना शेजारी उभे राहून तोंडी खुलासाही मिळालेला असतो. तो खुलासा वहीत नसतो, आणि टंकणाऱ्याला तो स्वतःच्या डोक्यातून भरून काढण्याची फार घाई होते.

यातली सर्वांत धोक्याची जागा इन्सुलिनची होती. मूळ वहीत आकडा इंग्रजी होता आणि त्याला चिकटून युनिटसाठी इंग्रजी यू अक्षर होते. घाईत लिहिलेल्या त्या यूचे तोंड वर मिटले की तो शून्य दिसतो. पहिल्या प्रयत्नात इथे ‘६०’ टंकले गेले होते आणि ते कोणाच्याच नजरेला खटकले नव्हते. ही चूक इतकी ठरावीक आहे की अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये काढलेल्या वापरू नयेत अशा संक्षेपांच्या यादीत युनिटसाठीचा यू आहे. दशांशानंतरचे निरर्थक शून्यही त्याच यादीत आहे, कारण बिंदू पुसट झाला की १.० चे १० होतात. दुसऱ्या वेळी आम्ही नियम केला की औषधाच्या मात्रेतला प्रत्येक आकडा उपचार-तक्त्याशी ताडून पाहायचा आणि एकक पूर्ण शब्दात लिहायचे.

दुसरी जागा ‘परवा’ची होती. मराठीत परवा मागेही असतो आणि पुढेही, आणि क्रियापद गाळले की तो कोणत्या बाजूचा हे कळायला मार्ग उरत नाही. डॉपलर झाले की व्हायचे होते? केसपेपरमध्ये अहवाल नव्हता, म्हणून व्हायचे असावे, असा तर्क सहज निघाला असता. पण इथे एक सूक्ष्म अडचण होती. समितीला हँडओव्हरमध्ये काय गळते हे पाहायचे होते; आम्ही केसपेपर पाहून ती उणीव गुपचूप भरली असती, तर जे मोजायचे तेच नाहीसे झाले असते. म्हणून वाचन पक्के करण्यासाठी दुसरा कागद पाहणे चालेल, मात्र नोंदीत नसलेला अर्थ त्यातून आणायचा नाही, अशी रेघ आखली. सहा की साठ हा वाचनाचा प्रश्न होता, तर डॉपलर झाले की नाही हा आशयाचा.

तिसरी जागा मुलाची. ‘मुलगा जहाजावर असतो’ हे वाक्य ओळख उघडी पाडणारे आहे, म्हणून ते सरळ खोडून टाकावे असे पहिल्यांदा वाटते. परंतु त्याच वाक्यात शस्त्रक्रियेचा निर्णय का थांबला आहे हे दडलेले आहे. अशा वेळी माणूस काढून त्याची भूमिका ठेवावी लागते. मुलगा हा ‘जवळचा नातेवाईक’ होतो, जहाज जाते, शनिवारचा मुक्कामाचा दिवस होतो आणि थांबलेला निर्णय जागेवर राहतो. (नाव) सर हे शल्यचिकित्सक होते, म्हणून तिथे पद आले.

टंकलेला गोषवारा असा झाला :

```
संकेत: टम-५८     वयोगट: ६५–६९     पाळी: दिवस २, रात्र

स्थिती:      उजव्या पायाला सेल्युलायटिस. ९.०० ला ताप १०१,
             पॅरासिटामॉल दिले; १२.०० ला ९९.
पार्श्वभूमी:   मधुमेह, उच्च रक्तदाब.
आढळ/दिले:   शुगर २८० (वेळ: "रात्री").
             रेग्युलर इन्सुलिन ६ युनिट [तक्त्याशी ताडले].
             शिरेतील सुई निघाली; नवी २.०० ला.
             अँटिबायोटिक २.३० ला; औषध व ठरलेली वेळ: नोंद नाही.
             लघवी: "ठीक"; मोजमाप: नोंद नाही.
             पायाची स्थिती, ड्रेसिंग: नोंद नाही.
करायचे:      डॉपलर "परवा" [झाले की व्हायचे, स्पष्ट नाही].
             पाय शल्यचिकित्सकांना दाखवणे.
             डिब्राइडमेंटचा निर्णय जवळचा नातेवाईक दिवस ५ ला
             आल्यावर; हे कोण म्हणाले: नोंद नाही.
```

साचा एसबीएआर या स्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस अशा क्रमाच्या हँडओव्हर पद्धतीवर बेतलेला आहे, फक्त मधला भाग आमच्या नोंदींना सोसेल इतका सैल केला. त्यातले ‘नोंद नाही’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. साच्यातला रिकामा रकाना वाचणाऱ्याला ‘काही नव्हते’ असे सांगतो, आणि टंकणाऱ्याला तो भरावासा वाटतो. ‘युरिन ठीक’ याचे ‘मूत्रोत्सर्जन समाधानकारक’ होते आणि कोणीतरी मोजले होते असा भास तयार होतो. म्हणून मोघम शब्द अवतरणचिन्हांत जसेच्या तसे ठेवले, न वाचता आलेल्या शब्दासाठी ‘वाचता आले नाही’ हे वेगळे लिहिले, आणि ‘नोंद नाही’ फक्त तिथेच वापरले जिथे साच्यात जागा आहे पण वहीत शब्दच नाही.

तारखांच्या जागी मुक्कामाचे दिवस आले, दाखल झाल्याचा तो दिवस १. रात्रपाळी ८ ला सुरू होऊन सकाळी ८ ला संपते आणि मध्यरात्री तारीख बदलते, त्यामुळे सुरुवातीला २.३० चा डोस दिवस ३ मध्ये जाऊन पडला होता. नोंद पाळी ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवसाची मानायची असे ठरवल्यावर ते सुटले. पहाटे ३ ला लिहिलेला ‘उद्या’ मात्र प्रत्येक वेळी सिस्टरांना विचारूनच लावावा लागला. काहींचा उद्या तांबडे फुटल्यावर येतो, काहींचा घड्याळाने.

ओळख किती झाकली गेली

काय काढायचे याची सुरुवात आम्ही अमेरिकेच्या रुग्णमाहितीच्या गोपनीयतेविषयीच्या हिपा नियमांतील १८ ओळखखुणांच्या यादीवरून केली. नाव, पत्ता, फोन, क्रमांक, वर्ष सोडून उरलेली तारीख, ८९ च्या पुढचे नेमके वय, असे त्यात येते. यादी सोयीची आहे, पण तिचा अठरावा प्रकार ‘इतर कोणतीही वेगळी ओळखणारी खूण’ असा आहे, आणि हँडओव्हरच्या वहीत खरे काम या अठराव्यातच असते. जुळा भाऊ तिथेच बसतो.

म्हणून यादीवर न थांबता तपासणी माणसांकडून करून घेतली. सर्व ३७ गोषवारे शेजारच्या वॉर्डमधील एका सिस्टरांना वाचायला दिले आणि एवढेच विचारले, की यात कोणी ओळखू येते का. त्यांनी दोघांना ओळखले. एकाचा मुक्काम ‘दिवस ४३’ असा होता. इतके दिवस राहिलेला रुग्ण मजल्यावर एकच होता. त्याच्यासाठी दाखल झाल्यापासूनचे दिवस सोडून अभ्यासाच्या सप्ताहाचे दिवस वापरले. दुसरीची दुर्मिळ रक्तविकाराची निदाननोंद होती आणि तिच्यासाठी रक्तदाते शोधण्याची धावपळ सगळ्यांनी पाहिली होती. निदान ‘रक्तविकार’ इतके मोघम केले, तरी उपचारांच्या तपशिलावरून तर्क करता येतच होता. शेवटी तो गोषवारा समितीला दिलाच नाही. ३६ दिले. तपशील ठेवून ओळख लपत नसेल तर मोडकातोडका गोषवारा देण्यापेक्षा तो वगळणे मला बरे वाटले. यावर दुमत असू शकते.

ज्यांनी त्या आठवड्यात ड्यूटी केली त्या सिस्टरांपासून मात्र काहीही लपत नाही, आणि तसा दावा आम्ही केला नाही. जोडयादी अस्तित्वात आहे तोवर ही माहिती निनावी नसून टोपणनावाची असते. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यातही अशी माहिती वैयक्तिकच मानली जाते. त्यामुळे गोषवाऱ्याच्या छापील प्रती मोजून दिल्या आणि बैठकीनंतर परत घेतल्या. सिस्टरांची नावे व सह्याही गाळल्या. टंकलिखितात हस्ताक्षर जाते हा इथे मोठाच फायदा होता, कारण वॉर्डमध्ये हस्ताक्षर म्हणजे सहीच.

दुसऱ्या बैठकीत काय दिसले

टम-५८ चे ड्रेसिंग सात दिवसांत एकदाही चुकले नव्हते. ते चौथ्या दिवसापासून बेड ४ च्या नोंदींत होते आणि आता त्याच संकेताखाली आले. खरी गळती दुसरीकडे होती. दुसऱ्या रात्रीच्या गोषवाऱ्यात अँटिबायोटिक २.३० ला दिल्याचे होते. लगेचच्या सकाळपाळीच्या गोषवाऱ्यात फक्त ‘अँटिबायोटिक चालू’ एवढेच होते. औषध दर ८ तासांनी होते आणि ठरलेल्या वेळा ४, १२ आणि ८. सुई निघाल्याने १२ चा डोस अडीच तास उशिरा गेला होता, आणि ८ चा डोस वेळेवर द्यायचा की पुढे ढकलायचा हे डॉक्टरांना विचारायला हवे, ही गोष्ट त्या दोन नोंदींच्या मध्ये कुठेतरी नाहीशी झाली होती. उशिरा गेलेल्या डोसची मूळची वेळ न लिहिण्याचा हाच प्रकार आणखी चार रुग्णांच्या नोंदींत सापडला, आणि पाचही वेळा नोंद रात्रपाळीची होती.

ठरलेल्या तारखेला इनचार्ज सिस्टरांनी आणि मी जोडयादी फाडून नष्ट केली व तशी नोंद करून दोघांनी सह्या केल्या. त्यानंतर तीन आठवड्यांनी समितीकडून विचारणा आली, की त्या पाचांपैकी एका संकेताच्या रुग्णाचे पुढे काय झाले हे कळेल का. संकेत कोणाचा होता हे सांगणारा कागद उरला नव्हता, आणि आठवणीवरून नाव शोधून देणे म्हणजे सगळे केलेले काम उलटे फिरवणे होते. तसे लेखी कळवले.